चार वर्षांचा लेप की दहा वर्षांचा? आयुष्य वेगळं असलेल्या कामांची तुलना कशी करायची

मी आमच्या ४० सदनिकांच्या सोसायटीचा खजिनदार झालो, तेव्हा पहिल्याच महिन्यात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची दोन कोटेशनं समोर आली. गच्ची साधारण ४,००० चौरस फुटांची. पहिला कंत्राटदार ब्रशने लावायचा ॲक्रिलिकचा लेप देणार होता. खर्च १,८०,००० रुपये, आयुष्य चार वर्षं, आणि दरवर्षी उन्हाळ्यात भेगा बुजवायला ८,००० रुपये. दुसऱ्याचा पॉलियुरेथेनचा लेप जाळी घालून. खर्च ४,४०,००० रुपये, आयुष्य दहा वर्षं, वर्षाची डागडुजी ३,००० रुपये. (रकमा हिशेब समजावा म्हणून गोल केल्या आहेत. तुमच्या गावातले दर तुम्ही घाला.)

कमिटीत लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, पावणेदोन-साडेचार लाखांत निवड करायचीय, स्वस्त तेच घ्या. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मोबाइलवर आकडेमोड केली आणि म्हणाले, "अरे, सरळ वर्षांनी भाग ना! एक लाख ऐंशी भागिले चार, पंचेचाळीस हजार. चार लाख चाळीस भागिले दहा, चव्वेचाळीस हजार. वर डागडुजी धर. त्रेपन्न हजार विरुद्ध सत्तेचाळीस. महागडंच स्वस्त पडतंय."

काकांचा विचार अर्धा बरोबर होता. चार वर्षांचं काम आणि दहा वर्षांचं काम यांची तुलना वर्षाच्या मापानेच करायला हवी. पण नुसता भागाकार पैशाचा वेळ विसरतो. दहा वर्षांच्या लेपासाठी आजच ४,४०,००० रुपये ठेवीतून काढावे लागतात, आणि त्यावर मिळणारं व्याज बुडतं. चार वर्षांच्या लेपात २,६०,००० रुपये अजून बँकेत राहतात आणि वाढतात.

वर्षाचा हप्ता काढा

हे गणित समजायची सर्वांत सोपी वाट म्हणजे गृहकर्जाचा हप्ता. समजा सोसायटीने स्वतःच्याच मुदत ठेवीकडून १,८०,००० रुपये कर्ज घेतलं. ठेवीवर ७ टक्के मिळत होते, म्हणून कर्जाचा दरही ७ टक्के. चार वर्षांत, दर वर्षाच्या शेवटी सारखी रक्कम भरून हे कर्ज फेडायचं, तर हप्ता किती? या हप्त्यात दरवर्षीची डागडुजी मिळवली की झाला समतुल्य वार्षिक खर्च.

एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये एका ओळीत येतं:

```
=PMT(7%,4,-180000)+8000
=PMT(7%,10,-440000)+3000
```

पहिल्याचं उत्तर ६१,१४१ आणि दुसऱ्याचं ६५,६४६. काकांच्या भागाकाराने महागडा लेप वर्षाला सहा हजारांनी स्वस्त दाखवला होता. व्याज धरल्यावर तो साडेचार हजारांनी महाग निघाला.

शीटवर विश्वास ठेवण्याआधी एकदा हाताने ताळा करा. पहिल्या लेपाचा हप्ता, डागडुजी सोडून, ५३,१४१ आहे. १,८०,००० वर एका वर्षाचं व्याज मिळवलं की १,९२,६०० होतात. हप्ता वजा केला की १,३९,४५९ उरतात. त्यावर पुन्हा व्याज, पुन्हा हप्ता, उरले ९६,०८०. तिसऱ्या वर्षाअखेर ४९,६६५. चौथ्या वर्षी त्यावर व्याज चढून बरोबर ५३,१४१ होतात, म्हणजे शेवटच्या हप्त्यात कर्ज शून्य. ताळा जमला नाही तर बहुतेक वेळा दर महिन्याचा आणि मुदत वर्षांची, किंवा उलट, असा घोळ झालेला असतो.

कोणी विचारेल, चार आणि दहा यांची सांगड घालायला दोन्ही २० वर्षं धरून का नाही पाहत? पहिला लेप पाच वेळा, दुसरा दोन वेळा. तसंही करता येतं. २० वर्षांच्या सगळ्या खर्चाचं आजचं मोल, म्हणजे ते भागवायला आज ७ टक्क्यांच्या ठेवीत किती ठेवावे लागतील ते, काढलं तर पहिल्याचं ६.४८ लाख आणि दुसऱ्याचं ६.९५ लाख येतं. क्रम तोच. वार्षिक हप्ता म्हणजे याच लांबलचक तक्त्याचा आखूड रस्ता आहे. आयुष्यं सात आणि अकरा वर्षं असतील तर ७७ वर्षांचा तक्ता मांडावा लागेल, तेव्हा त्याची खरी किंमत कळते.

आकडा सभासदांपुढे ठेवताना आणखी एक भागाकार करा. ६१,१४१ म्हणजे दर सदनिकेला महिन्याला १२७ रुपये, ६५,६४६ म्हणजे १३७ रुपये. महिन्याला दहा रुपयांचा फरक. इतका बारीक फरक असेल तर पुढच्या दोन गोष्टी तपासल्याशिवाय ठराव करू नये.

पुढच्या वेळी लेप किती रुपयांना पडेल?

वरच्या हिशेबात एक गृहीतक लपलेलं आहे आणि पाठ्यपुस्तकातली उदाहरणं त्यावरून भरभर पुढे जातात. चार वर्षांनी, आठ वर्षांनी, बारा वर्षांनी आपण तोच लेप १,८०,००० रुपयांतच लावणार आहोत, असं आपण धरलं. कोणता कंत्राटदार चार वर्षांनी तोच दर देईल? मजुरी वाढते, रसायनं महागतात. आणि ही वाढ त्या पर्यायाला जास्त बोचते, जो वारंवार नव्याने करावा लागतो.

समजा वॉटरप्रूफिंगचे दर दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतात, डागडुजीचेही. मग व्याजदराऐवजी महागाई वजा जाऊन उरणारा खरा दर वापरायचा. ७ मधून ५ वजा करून सरळ २ घेऊ नका, भागाकार करा. १.०७ भागिले १.०५, म्हणजे सुमारे १.९ टक्के.

```
=PMT(1.07/1.05-1,4,-180000)+8000
=PMT(1.07/1.05-1,10,-440000)+3000
```

आता उत्तरं ५५,१६३ आणि ५१,७४०. निकाल फिरला! हे आकडे आजच्या रुपयांतले आहेत. प्रत्यक्ष भरायची रक्कम दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत जाईल, पण दोन्हींची तुलना योग्य राहते.

निकाल नेमका कुठे फिरतो, तेही काढून ठेवा. महागाईचा आकडा बदलत गेलं की साधारण २.७ टक्क्यांवर दोन्ही पर्याय बरोबरीत येतात. आता कमिटीला तुम्ही एक सोपा प्रश्न विचारू शकता. गच्चीच्या कामाचे दर वर्षाला २.७ टक्क्यांहून जास्त वाढतील असं आपल्याला वाटतं का? सोसायटीच्या कपाटात मागच्या वेळचं बिल सापडलं तर उत्तर तिथेच आहे. मला सापडलं होतं, आणि त्यातल्या दराशी आजचा दर ताडून पाहिल्यावर महागड्या लेपाच्या बाजूने माझं मत पक्कं झालं.

इथे एक चूक फार वेळा होते. हप्ता ७ टक्क्यांनी काढायचा आणि डागडुजी मात्र दरवर्षी वाढवत न्यायची, किंवा याच्या उलट. एक तर सगळ्या रकमा आजच्या भावाने आणि खरा दर, नाही तर सगळ्या रकमा त्या त्या वर्षाच्या भावाने आणि बँकेचा दर. दोन्हींची खिचडी केली की उत्तराला अर्थ राहत नाही.

आयुष्याचा आकडा कुठून आला?

या साऱ्या गणितातला सर्वांत नाजूक आकडा व्याजदर नाही, आयुष्य आहे. दुसरा लेप दहाऐवजी आठच वर्षं टिकला, तर ७ टक्क्यांनी त्याचा वार्षिक खर्च ६५,६४६ वरून ७६,६८६ होतो. पहिला चारऐवजी पाच वर्षं टिकला, तर त्याचा खर्च ५१,९०० वर उतरतो. एवढी मोठी उडी दर एखाद्या टक्क्याने बदलून येत नाही.

म्हणून "दहा वर्षांची गॅरंटी" हा कागद आयुष्य मानू नका. तोच लेप सात-आठ वर्षांपूर्वी लावलेली एखादी इमारत कंत्राटदाराला दाखवायला सांगा आणि पावसाळ्यात जाऊन वरच्या मजल्यावरचं छत पाहा. पाहायला मिळत नसेल तर हिशेबात आठ वर्षं धरा.

आणि इमारत स्वतःच किती वर्षं उभी राहणार आहे? मुंबई, ठाणे, पुण्यात पुनर्विकासाची बोलणी सुरू असलेल्या सोसायट्यांना वार्षिक हप्त्याची पद्धत फसवते. ती असं धरून चालते की कामाचं आयुष्य संपलं की आपण पुन्हा तेच काम करणार, पुढेही करतच राहणार. सहा वर्षांनी इमारत पाडली जाणार असेल, तर सहा वर्षांचाच रोकड तक्ता मांडा. पहिला लेप आज आणि चार वर्षांनी, शिवाय डागडुजी, मिळून आजच्या मोलात सुमारे ३.५५ लाख. दुसरा लेप एकदाच, पण उरलेली चार वर्षं वाया, एकूण सुमारे ४.५४ लाख. इथे स्वस्त लेप लाखभराने पुढे आहे, आणि दुसऱ्या खेपेला दर वाढलेले धरले तरी त्याची आघाडी जात नाही.

पैसे परत देणारं काम असेल तर

गच्चीचा लेप काही कमवत नाही, म्हणून तिथे खर्चाची तुलना पुरली. पण त्याच वर्षी कमिटीपुढे बचत करून देणारे दोन प्रस्ताव होते. एक, जिना आणि पार्किंगमध्ये सेन्सरवर चालणारे एलईडी दिवे. खर्च १,००,००० रुपये, वीजबिलात वर्षाला ३५,००० ची बचत, आयुष्य पाच वर्षं. दुसरा, लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या मीटरसाठी १० किलोवॅटचं सौर संयंत्र. खर्च सहा लाख धरला. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, ते वजा जाता ४,२०,०००. सफाई, पॅनेलची हळूहळू घटणारी क्षमता आणि मध्ये एकदा बदलावा लागणारा इन्व्हर्टर, हे सगळं वजा करून वर्षाला सरासरी ९०,००० ची बचत, २० वर्षं.

विक्रेते अशा वेळी अंतर्गत परतावा दर सांगतात, ज्याला सगळे आयआरआर म्हणतात. ज्या व्याजदराने पुढच्या सगळ्या बचतीचं आजचं मोल सुरुवातीच्या खर्चाइतकं होतं, तो हा दर. दिव्यांचा येतो २२.१ टक्के, सौरचा २१.०. म्हणजे दिवे पुढे?

आयआरआरला पूर्ण मुदतीतला पैशाच्या वाढीचा दर मानलं की एक गोष्ट गृहीत धरली जाते. दरवर्षी वाचणारे ३५,००० रुपये तुम्ही पुन्हा कुठे तरी २२ टक्क्यांनीच गुंतवणार. आमच्या सोसायटीत वाचलेला पैसा मुदत ठेवीत जातो आणि तिथे ७ टक्के मिळतात. कायद्यानेही सोसायटीला आपला निधी मनाला येईल तिथे गुंतवता येत नाही. मग २२ टक्के आणायचे कुठून?

सुधारित अंतर्गत परतावा दर, म्हणजे एमआयआरआर, नेमकी हीच गोष्ट दुरुस्त करतो. त्याच्या पायऱ्या अशा. दरवर्षीची बचत ठेवीत टाका आणि कामाचं आयुष्य संपेल त्या दिवशी खात्यात किती जमले ते पाहा. दिव्यांच्या बाबतीत पाच वर्षांचे ३५,००० सात टक्क्यांनी वाढून २,०१,२७६ होतात. मग विचारा, एक लाखाचे पाच वर्षांत २,०१,२७६ व्हायला दरवर्षी किती टक्के वाढ लागते? उत्तर १५.० टक्के. शीटमध्ये वर्ष शून्य ते पाचच्या रकमा B2 ते B7 मध्ये लिहा, पहिली रक्कम उणे:

```
=MIRR(B2:B7,7%,7%)
```

पहिला दर म्हणजे पैसा उभा करण्याचा, दुसरा पुन्हा गुंतवण्याचा. सोसायटी कर्ज काढत असेल तर पहिल्या जागी कर्जाचा दर येईल. दुसऱ्या जागी ठेवीवर कर वजा जाऊन प्रत्यक्ष हातात राहणारा दर घाला. मात्र एकच रक्कम सुरुवातीला जात असेल आणि पुढे सगळी बचतच असेल, तर पहिल्या दराने उत्तर बदलत नाही.

सौरसाठी हेच केलं की २० वर्षांनी खात्यात ३६.९० लाख जमतात आणि दर येतो ११.५ टक्के. आता दिवे १५ आणि सौर ११.५. नवशिके इथे थांबतात, आणि इथेच चुकतात. १५ टक्के हा पाच वर्षांचा वेग आहे, ११.५ हा २० वर्षांचा. पाच वर्षांनी दिव्यांचा पैसा कुठे जातो? ठेवीत, सात टक्क्यांवर. दोघांनाही एकाच अंतरापर्यंत पळवल्याशिवाय शर्यत खरी होत नाही.

म्हणून २,०१,२७६ रुपये आणखी १५ वर्षं ठेवीत ठेवा. त्यांचे ५.५५ लाख होतात. एक लाखाचे २० वर्षांत ५.५५ लाख, म्हणजे वर्षाला ९.० टक्के. क्रम उलटला. दर पाच वर्षांनी नवे दिवे बसवले असं धरून, सगळा खर्च एका बाजूला आणि सगळी बचत दुसऱ्या बाजूला ठेवली, तरी उत्तर ९.० टक्केच येतं.

शीटमध्ये हे करताना दोन ठिकाणी पाय घसरतो. सहाव्या ते विसाव्या वर्षाचे रकाने रिकामे सोडले, तर `MIRR` त्यांना मोजतच नाही आणि पुन्हा १५ टक्के दाखवतं. तिथे प्रत्येक रकान्यात 0 लिहावा लागतो. दुसरं, नवे दिवे बसवायच्या वर्षी ३५,००० बचत आणि १,००,००० खर्च यांची वजाबाकी करून एकच उणे ६५,००० लिहिले, तर तीच कहाणी ९.४ टक्के सांगते. रक्कम कशी लिहिली यावरून दर हलतो, ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे. म्हणून दोन्ही प्रस्ताव एकाच रीतीने मांडा.

टक्क्यांत आणखी एक गोष्ट दिसत नाही. दिव्यांना एक लाख लागतो, सौरला ४.२० लाख. दिवे निवडले तर उरलेले ३.२० लाख ठेवीतच राहणार. २० वर्षांनी त्यांचे १२.३८ लाख होतील. दिव्यांचे ५.५५ मिळवून एकूण १७.९४ लाख. सौर निवडलं तर ३६.९० लाख. सभेत मी टक्के बाजूला ठेवले आणि हे दोनच आकडे फळ्यावर लिहिले. दोन्ही कामांना मिळून ५.२० लाख उभे राहत असतील तर निवडायची गरजच नाही, दोन्ही करावीत. एकमेकांना अडवणाऱ्या कामांतच ही तुलना लागते.

आणि मग दोन्ही हिशेब एकमेकांना भेटले

सौर पॅनेल गच्चीवरच बसणार होते, त्याच लेपावर. हे आमच्या लक्षात फार उशिरा आलं. चार वर्षांनी ॲक्रिलिकचा नवा लेप लावायचा तर आधी पॅनेल उतरवायचे, नंतर पुन्हा बसवायचे. त्याचे ३०,००० रुपये धरले. हा खर्च प्रत्येक फेरीच्या शेवटी येतो, म्हणून तो वेगळ्या रीतीने वर्षांत वाटायचा:

```
=PMT(7%,4,0,-30000)
=PMT(7%,10,0,-30000)
```

पहिल्या लेपावर वर्षाला ६,७५७ रुपये चढतात, दुसऱ्यावर २,१७१. म्हणजे महागाई अजिबात न धरताही ६७,८९८ विरुद्ध ६७,८१७, दोघं जवळजवळ बरोबरीत. महागाई धरली की दहा वर्षांचा लेप स्पष्टपणे पुढे.

म्हणून शीट उघडण्याआधी एका कागदावर लिहून काढा, हे काम दुसऱ्या कोणत्या कामाच्या आड येतं. आमचा क्रम शेवटी असा ठरला. आधी पॅनेलच्या पायाचे ठोकळे गच्चीवर बसवून घ्यायचे, मग त्यांच्या कडांसह पॉलियुरेथेनचा लेप, मग गच्चीवर ४८ तास पाणी साठवून खालची छतं तपासायची, आणि त्यानंतरच पॅनेल चढवायचे.